वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची आई: नात्याचं झाड काढताना नेमकं चुकतं कुठे?

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातली. डिग्री झाली, आता पोलीस कॉन्स्टेबल आणि एसएससी जीडी दोन्हींची तयारी करतेय. ‘माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची आई’ असलं काही आलं की मी झाड काढते, तरी कधी बरोबर येतं, कधी चुकतं. कन्नडमधून प्रश्न आला की आणखीच गोंधळ. झाड काढायची नीट रीत सांगाल का?

उत्तर:

तू दिलेल्या साखळीचं उत्तर ‘आई’. बोलणारा मुलगा असो की मुलगी, ते बदलत नाही. पण त्याच साखळीतला शेवटचा शब्द काढून तिथे ‘पत्नी’ घाल. आता मुलगा बोलत असेल तर उत्तर ‘स्वतःची बायको’, आणि मुलगी बोलत असेल तर ‘वहिनी’. तुझं कधी बरोबर येतं, कधी चुकतं, त्याचं कारण बहुतेक यातच आहे. म्हणून आज बाकीचे प्रकार बाजूला ठेवून ‘एकुलता एक’ एवढंच धरू आणि नीट सोडवू.

आधी खुणा ठरवून घे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. लग्न झालेल्यांमध्ये दुहेरी आडवी रेघ, भावंडांमध्ये एकेरी आडवी रेघ, आई-बापाकडून मुलाकडे उभी रेघ. एका पिढीची माणसं एकाच ओळीत आली पाहिजेत. रेघांच्या वहीत सराव केलास तर हे आपोआप जमतं. पुरुषाला अधिक आणि बाईला वजा अशी खूणही बरेच जण वापरतात, तीही चालते. मात्र आज चौकोन, उद्या अधिक असं करू नकोस. इथे टाइप करायचं आहे म्हणून मी पुरुषासाठी चौकोनी कंस आणि बाईसाठी गोल कंस वापरतो.

आता साखळी फोडू. परशराम एका फोटोकडे बोट दाखवून म्हणतो, “ही माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची आई.” सुरुवात नेहमी ‘माझ्या’पासून, म्हणजे बोलणाऱ्यापासून. कागदाच्या मध्यावर परशरामचा चौकोन काढ. ‘वडील’ आले, एक ओळ वर गेलीस, वडिलांचा चौकोन काढलास. पुढे ‘एकुलता एक मुलगा’, म्हणजे वडिलांकडून एक ओळ खाली. इथे हात थांबला पाहिजे. क्लासमधल्या मुलांचे कच्चे कागद मी बघतो तेव्हा नव्या मुलांपैकी कितीतरी जणांनी इथे परशरामच्या शेजारी आणखी एक चौकोन काढलेला असतो. मग त्या चौकोनाची आई वेगळी, परशरामची आई वेगळी, आणि कोणीतरी मान वर करून विचारतं, “सर, सावत्र आई का?” पर्यायांत सावत्र आई नसते, मग अंदाजाने ‘काकू’वर टिक पडते.

वडिलांना मुलगा एकच, आणि परशराम हा वडिलांचा मुलगा. तेव्हा तो एकुलता एक म्हणजे परशरामच. नवीन चौकोन काढायचा नाही, बोट परत परशरामवर आणायचं. तिथून ‘आई’, पुन्हा एक ओळ वर. झाड एवढंच:

```
[वडील]═══(आई)
       │
   [परशराम]
```

साखळीत नाती तीन, पण कागदावर माणसंही तीनच, त्यातला एक बोलणारा स्वतः. झाड काढायची खरी रीत हीच: पुढचं माणूस काढण्याआधी विचारायचं, हे माणूस कागदावर आधीच आहे का? ‘एकुलता एक’, ‘एकमेव’, ‘फक्त एकच’ हे शब्द म्हणजे तोच प्रश्न विचारायची सूचना. कन्नड पेपरात ‘ओब्बने मग’, ‘ओब्बळे मगळु’ दिसलं की तेच समज.

आता बोलणारी परशरामची बहीण लक्ष्मी आहे असं धर. वाक्य तेच. लक्ष्मी वडिलांची मुलगी आहे, मुलगा नाही. म्हणून एकुलता एक मुलगा ती असू शकत नाही, इथे नवीन चौकोन काढावाच लागतो, आणि तो तिचा भाऊ. भावाची आई ती लक्ष्मीची आई. उत्तर तेच आलं, पण वाट वेगळी होती:

```
[वडील]═══(आई)
       │
   ┌───┴───┐
(लक्ष्मी)  [भाऊ]
```

यात एक गोष्ट पक्की कर. ‘एकुलता एक मुलगा’ म्हणजे घरात मुलगे एकच. मुली कितीही असू शकतात. ‘एकुलतं एक अपत्य’ म्हटलं तर मात्र भावंडंच नाहीत, मग बोलणारी मुलगी असली तरी वडिलांचं अपत्य ती स्वतःच. घरात बोलताना आपण ‘तो एकुलता एक आहे’ असं म्हणतो तेव्हा त्याला बहीणही नाही असाच अर्थ घेतो. परीक्षेत तसा घ्यायचा नाही. ‘मुलगा’ लिहिलंय की ‘अपत्य’, हे बघूनच पुढे जायचं. इंग्रजीत ‘ओन्ली सन’ आणि ‘ओन्ली चाइल्ड’ यांतही हाच फरक.

मग लक्ष्मी आणि परशराम दोघांचं उत्तर ‘आई’च कसं आलं? कारण साखळीत ‘मुला’च्या पुढे ‘आई’ होती, आणि आई सगळ्या भावंडांची एकच. हे नीट ध्यानात घेतलंस तर निम्मे प्रश्न डोळ्यांनीच सुटतील. ‘एकुलत्या एका मुला’च्या लगेच पुढचा शब्द बघायचा. तो आई, वडील, आजी, आजोबा, काका, मामा असा वरच्या ओळीचा असेल, तर एकुलता मुलगा म्हणजे मी की माझा भाऊ याने काही बिघडत नाही. दोघांची आई तीच, मामा तोच. पण पुढचा शब्द पत्नी, नवरा, मुलगा, मुलगी, सासू, सासरा, मेहुणा असा असेल, तर तिथेच सगळा निकाल लागतो, कारण ही माणसं प्रत्येक भावंडाची वेगळी असतात.

वाक्य तेच ठेवून टोक बदलून बघ. ‘माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी’: परशराम बोलला तर त्याची स्वतःची मुलगी, लक्ष्मी बोलली तर तिची भाची. ‘...मुलाची सासू’: परशराम बोलला तर स्वतःची सासू, लक्ष्मी बोलली तर भावाची सासू, आणि तिथे पर्याय बहुधा ‘वहिनीची आई’ असा दिलेला असतो. त्यामुळे बोलणारा पुरुष की बाई हे आधी ठरवल्याशिवाय असल्या प्रश्नाला हात घालू नकोस.

‘भाऊ-बहीण’ हा शब्द या दोन्ही गटांच्या मधला, आणि म्हणून चावरा. ‘माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची बहीण’ असं परशराम म्हणाला तर ती त्याची बहीण, सरळ आहे. पण लक्ष्मी म्हणाली तर? तिच्या भावाची बहीण म्हणजे ती स्वतः असू शकते, किंवा तिची दुसरी एखादी बहीण. फोटो स्वतःचाच असू शकतो, हे मुलांच्या डोक्यातच येत नाही. वाक्यात ‘एकुलती एक बहीण’ असेल तर दुसरी बहीण उरतच नाही, फोटो लक्ष्मीचाच. पर्यायांत ‘ती स्वतः’ असं दिसलं तर ही शक्यता तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

झाड काढून झाल्यावर, किंवा वेळ नसेल तर झाडाच्या आधीच, एक ताळा करायचा. प्रत्येक शब्दाला आकडा दे: आई किंवा वडील अधिक 1, मुलगा किंवा मुलगी वजा 1, भाऊ, बहीण, नवरा, बायको शून्य. आजी-आजोबा अधिक 2, नात-नातू वजा 2. सासू-सासरे म्हणजे जोडीदाराचे आई-वडील, म्हणून अधिक 1. तुझ्या साखळीत वडील अधिक 1, मुलगा वजा 1, आई अधिक 1. बेरीज अधिक 1. म्हणजे उत्तर बोलणाऱ्याच्या एक पिढी वरचं असलंच पाहिजे: आई, काकू, आत्या, मावशी, मामी, सासू यांपैकी काहीतरी. पर्यायांत बहीण, मुलगी, आजी असतील तर त्या तिथेच बाद. ताळ्याने उत्तर मिळत नाही, फक्त चुकीचे पर्याय गळतात, पण चारातले दोन-तीन गळले तरी पुष्कळ झालं. एसएससी जीडीच्या आताच्या नमुन्यात 60 मिनिटांत 80 प्रश्न आहेत, म्हणजे एकाला सरासरी 45 सेकंद. आखीवरेखीव झाड काढत बसायला तेवढ्यात जमत नाही. ताळा पाच सेकंदांचा आहे.

आता सुरुवात कुठून करायची त्याबद्दल, कारण कन्नड-इंग्रजीचा तुझा गोंधळ बराचसा तिथला वाटतो. मराठीत आणि कन्नडमध्ये साखळी ‘माझ्या’पासून, ‘नन्न’पासून सुरू होते आणि डावीकडून उजवीकडे सरळ चालते. इंग्रजीत ‘द मदर ऑफ द ओन्ली सन ऑफ माय फादर’ असं आलं की ‘माय’ शेवटाकडे असतो, तिथून मागे मागे यावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सरमिसळ: ‘द मदर ऑफ माय फादर्स ओन्ली सन’. यात ‘माय’ मध्येच आहे. तिथून आधी उजवीकडे जायचं, माय, फादर, ओन्ली सन, आणि मग उडी मारून सुरुवातीच्या ‘मदर’कडे यायचं. मुलांना मी सांगतो की भाषा कुठलीही असो, आधी ‘माय’, ‘माझ्या’, ‘नन्न’ शोधून त्याला गोल करा आणि त्याच्यापासून लांब लांब जात चला. कर्नाटक सरकारच्या परीक्षांना पेपर कन्नड आणि इंग्रजीत असतो. एसएससी जीडी 2024 पासून हिंदी-इंग्रजीशिवाय 13 प्रादेशिक भाषांत होते, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. म्हणजे तुला एका परीक्षेला मराठी मिळेल, दुसरीला नाही. सराव दोन्ही वाचनांचा हवा, नुसत्या मराठी पुस्तकातून केलास तर इंग्रजीतली उलटी साखळी ऐन वेळी अडवेल.

बोलणारा पुरुष की बाई, हे भाषेवरूनही कळतं, पण दर वेळी नाही. मराठीत ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ आलं की प्रश्न मिटला. कन्नडमध्ये ‘हेळिदनु’ म्हणजे तो, ‘हेळिदळु’ म्हणजे ती. मात्र आदरार्थी ‘हेळिदरु’ आलं की पुरुष-बाई काही कळत नाही, आणि इंग्रजी ‘सेड’मध्ये तर कधीच कळत नाही. तेव्हा पुढचं-मागचं ‘ही’, ‘शी’, ‘हिज’, ‘हर’ शोधायचं. नावावर विसंबू नकोस. किरण, शीतल, सुमन ही नावं दोघांचीही असतात, आणि पेपर काढणारे ती मुद्दाम वापरतात. काहीच खूण नसेल तर त्या माणसाच्या जागी चौकोन-गोल न काढता प्रश्नचिन्ह काढ. ‘किरण हा शीतलचा भाऊ’ यावरून किरण पुरुष ठरतो, शीतलचं काही ठरत नाही. मग ‘शीतल किरणची कोण?’ असं विचारलं तर उत्तर ‘भाऊ किंवा बहीण, सांगता येत नाही’. अक्षरं किंवा चिन्हं वापरून केलेल्या कोड्यांत साखळीच्या टोकाचं माणूस बऱ्याचदा असंच अधांतरी असतं.

आता जरा लांब साखळी. अनिल एका बाईकडे बोट दाखवून म्हणतो, “हिच्या एकुलत्या एका भावाचा मुलगा हा माझ्या पत्नीचा भाऊ.” ती बाई अनिलची कोण?

या वाक्यात साखळ्या दोन आहेत आणि मध्ये ‘हा’ आहे, म्हणजे बरोबरीचं चिन्ह. एक साखळी त्या बाईपासून निघते: बाई, तिचा भाऊ, भावाचा मुलगा. दुसरी अनिलपासून: अनिल, पत्नी, पत्नीचा भाऊ. दोन्ही एकाच माणसावर येऊन थांबतात. असल्या प्रश्नात दोन झाडं वेगवेगळी काढून शेवटी जोडायची, ही रीत मला आवडत नाही. जोडताना हमखास एक माणूस जास्तीचा उरतो. त्यापेक्षा ते सामाईक माणूस, म्हणजे तो मुलगा, आधी कागदाच्या मधोमध काढायचा आणि दोन्ही बाजूंना पसरत जायचं. मुलगा काढला. तो बाईच्या भावाचा मुलगा, म्हणून त्याच्या वर बाईचा भाऊ. तो पत्नीचा भाऊ, म्हणून त्याच्या शेजारी पत्नी, आणि तिच्याशी दुहेरी रेघेने अनिल.

```
(ती बाई)───[तिचा भाऊ]
                │
          ┌─────┴─────┐
       [मुलगा]      (पत्नी)═══[अनिल]
```

मुलगा आणि पत्नी भावंडं, तेव्हा मुलाचे वडील तेच पत्नीचे वडील, म्हणजे अनिलचे सासरे. ती बाई त्या सासऱ्यांची बहीण, पत्नीची आत्या. पर्यायांत बहुधा ‘सासऱ्यांची बहीण’ असं लिहिलेलं असतं. ताळा कर: अनिल, पत्नी शून्य, तिचा भाऊ शून्य, त्याचे वडील अधिक 1, वडिलांची बहीण शून्य. एक पिढी वर, बरोबर.

आता मागे जाऊन बघ, ‘एकुलत्या एका’ या शब्दांनी यात काय काम केलं? काहीच नाही. त्या बाईला चार भाऊ असते तरी ज्याचा मुलगा अनिलच्या पत्नीचा भाऊ आहे, तोच तिचा बाप. हे शब्द नुसते भरीला घातलेले आहेत. पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं की मुलं ‘एकुलता’ दिसला की दचकतात. म्हणून झाड पूर्ण झाल्यावर ते शब्द झाकून पुन्हा एकदा वाचायची सवय लाव. झाकल्यावर झाडाला दुसरी फांदी फुटत असेल तर तो शब्द कामाचा, नसेल तर सोडून दे.

कामाचा कसा असतो तेही बघ. रेखा एका मुलाकडे बोट दाखवून म्हणते, “याच्या आईचे सासरे हे माझ्या नवऱ्याचे वडील.” मुलाच्या आईचे सासरे म्हणजे मुलाचे आजोबा, वडिलांकडचे. तेच रेखाचेही सासरे. मग तो मुलगा रेखाचा कोण? घाईत ‘मुलगा’ असं उत्तर देतात. पण सासऱ्यांना दोन मुलगे असतील तर तो रेखाच्या दिराचाही असू शकतो, म्हणजे पुतण्या. एवढ्या माहितीवर उत्तर ‘मुलगा किंवा पुतण्या, नक्की सांगता येत नाही’. आता वाक्याला एवढंच जोड, “...आणि माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा.” दिराची फांदीच कापली गेली. आता तो रेखाचाच मुलगा. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय मुलांना पळवाट वाटते, म्हणून ती त्याला हात लावत नाहीत. तो निवडण्याआधी मात्र एक अट पाळायची: दोन वेगवेगळी झाडं काढून दाखवता आली पाहिजेत, दोन्हींत दिलेली सगळी वाक्यं खरी ठरतील आणि तरी उत्तर वेगळं येईल अशी. तशी दोन झाडं निघाली नाहीत तर ‘सांगता येत नाही’ला टिक करू नकोस.

यात आपल्याकडचा एक घोळ वेगळा सांगावा लागेल, कारण पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या पुस्तकांत तो सापडायचा नाही. बेळगाव, चिकोडी, अथणी, निपाणी, सगळीकडे आते-मामेभावंडांत लग्नं झालेली घरं आहेत. कन्नड घरांत सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही ऐकायला मिळतं. सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्यांना ‘मामा’ म्हणणाऱ्या सुना प्रत्येक गल्लीत आहेत, आणि कन्नडमध्ये तर ‘माव’ म्हणजे मामाही आणि सासराही, ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. घरात हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की झाड काढताना ‘मामाची मुलगी’ आली की काही मुलं नकळत तिची दुहेरी रेघ बोलणाऱ्याशी जोडून मोकळी होतात. परीक्षेच्या झाडात असं करायचं नाही. एकदा वेगळ्या झालेल्या फांद्या, प्रश्नात स्पष्ट सांगितल्याशिवाय, लग्नाने पुन्हा जोडायच्या नाहीत. तसंच सावत्र आई, दत्तक, दुसरं लग्न यांतलंही काही सांगितल्याशिवाय धरायचं नाही. लक्ष्मीच्या भावाची आई ती लक्ष्मीची आई, हे मी वर बेधडक म्हटलं ते याच संकेतावर.

कन्नड पेपरात पर्यायांत नुसतं ‘माव’ असेल तर झाडावर ते माणूस आईच्या बाजूला आहे की जोडीदाराच्या, हे बघून अर्थ लाव. बऱ्याचदा मामासाठी ‘सोदरमाव’ आणि आत्यासाठी ‘सोदरत्ते’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. वडिलांचे थोरले भाऊ ‘दोड्डप्प’, धाकटे ‘चिक्कप्प’, पण मावशीच्या नवऱ्यालाही हेच म्हणतात, हेही ध्यानात असू दे.

इंग्रजी पर्यायांचं उलटं. तिथे आपली पाच-सहा नाती एका शब्दात कोंबलेली असतात. ‘अंकल’मध्ये काका, मामा, आतोबा, मावसा सगळे. ‘ब्रदर-इन-लॉ’मध्ये दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा. ‘नेफ्यू’मध्ये पुतण्याही आणि भाचाही. म्हणून झाडावरून नातं आधी मराठीत ठरव, ‘दीर’ असं कागदावर लिही, आणि मगच त्याचा इंग्रजी पर्याय शोध. पहिल्यापासून इंग्रजीत विचार केलास तर दीर की बहिणीचा नवरा हा फरकच पुसला जातो आणि पुढच्या पायरीला चूक होते. मधल्या पायऱ्यांवर मराठी नाती वापरण्यात आपला फायदाच आहे, आपल्या शब्दातच आईची बाजू की बापाची बाजू कळून जाते.

‘एकुलता एक जावई’ हेही अधूनमधून येतं, तेवढं सांगतो. ‘माझ्या वडिलांचा एकुलता एक जावई’ असं पुरुष म्हणाला तर तो त्याच्या बहिणीचा नवरा. विवाहित बाई म्हणाली तर तिचा स्वतःचा नवरा. बाई आहे पण लग्न झालंय की नाही हे वाक्यात नाही, असं असेल तर बहिणीचा नवराही बसतो. तेव्हा पर्याय बघायचे. बहुतेक वेळा दोहोंपैकी एकच दिलेला असतो. दोन्ही दिलेले असतील तर वाक्य पुन्हा वाच, लग्नाची खूण कुठेतरी असतेच: ‘माझी मुलगी’, ‘माझी नणंद’, ‘माझी सासू’ असं काहीतरी.

सरावाला हे दोन घे. पहिला: कल्लाप्पा म्हणतो, “तो माझ्या वडिलांच्या आईच्या एकुलत्या एका सुनेचा भाऊ.” दुसरा: सुमन म्हणाली, “ती माझ्या आईच्या एकुलत्या एका मुलीच्या मुलाची आजी, आईकडची.” झाड काढून झाल्यावरच पुढचं वाच.

पहिल्यात आजीला सून एकच, आणि कल्लाप्पाची आई ही आजीची सून आहे. म्हणजे ती सून आईच, काकीचा गोल काढायचा नाही. आईचा भाऊ, उत्तर मामा. इथे ‘एकुलत्या एका’ झाकून बघ: काकी आत येते, आणि तिचा भाऊ कल्लाप्पाचा कोणी नाही, म्हणजे शब्द कामाचा होता. दुसऱ्यात ‘म्हणाली’ आहे, म्हणून सुमन बाई, आईची एकुलती एक मुलगी ती स्वतः, तिच्या मुलाची आईकडची आजी म्हणजे सुमनची आई. आता ‘म्हणाली’च्या जागी ‘म्हणाला’ घालून तेच झाड पुन्हा काढ. मुलगी म्हणजे आता सुमनची बहीण होते, तिचा मुलगा भाचा, आणि आजी पुन्हा सुमनची आईच. उत्तर का बदललं नाही, ते दोन्ही झाडांवरून तुझं तुला सांगता येतं का बघ. मग ‘आजी, आईकडची’ खोडून ‘पत्नी’ लिही आणि दोन्ही झाडं परत काढ. एकदा सून येईल, एकदा भाच्याची बायको.